सहाशे पानांचे गणित

मंगल कार्यालयातल्या लग्नाचे जेवण म्हटले की घरातली चर्चा पदार्थांपासून सुरू होते. जिलबी की श्रीखंड, मठ्ठा की सोलकढी, अळू ठेवायचे की नाही. केटरर आणि मुख्य आचारी मात्र आधी दोनच गोष्टी विचारतात: माणसे किती आणि मुहूर्त कितीचा. त्याला कारण आहे. खानावळीत गिऱ्हाईक दोन-तीन तासांत विखरून येते. लग्नात अक्षता पडल्या की पुढच्या दहा मिनिटांत मंडपातले चारशे-पाचशे लोक एकदमच जेवणाकडे वळतात. पदार्थांची निवड, वाढप्यांची संख्या, कढया, काउंटर, भात चुलीवर चढवण्याची वेळ हे सगळे त्या दहा मिनिटांवरून ठरते. एकूण जेवणारे किती हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण कोणत्या घटकेला किती जण हातात ताट घेऊन उभे असतील हा आकडा त्याहून निर्णायक ठरतो.

हे गणित नमुन्याच्या एका लग्नावर मांडून पाहिले की नीट कळते. डिसेंबरातला रविवार, पुण्यातले मंगल कार्यालय, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३८ मिनिटांचा. वधूपक्ष पुण्याचा, वरपक्ष सोलापूरचा. जेवण शाकाहारी: वरण-भात-तूप, पुरी, बटाट्याची भाजी, अळूची पातळ भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा आणि डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, पापड, कुरडई.

माणसांची मोजणी पत्रिकांच्या संख्येवरून करता येत नाही. एका पत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ लिहिलेले असते आणि येतो म्हणून किंवा येत नाही म्हणून आधी कळवण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. म्हणून जाणकार यजमान सगळ्या नावांना एकच टक्केवारी लावत नाहीत. ते यादीचे गट पाडतात. या लग्नात पहिला गट घरच्यांचा आणि अगदी जवळच्या नातेवाइकांचा, १४० जणांचा. त्यातले १३५ धरायला हरकत नाही. दुसरा गट सोलापूरहून येणाऱ्यांचा, १३० जणांचा. तो बसच्या जागांवर आणि गाड्यांवर मोजता येतो, म्हणून १२०. तिसरा गट पुण्यातल्या ११० घरांचा. घरटी चार माणसे धरली तर कागदावर ४४०, पण मुलांचे क्लास, कुणाची ड्यूटी, कुणाचे त्याच दिवशी दुसरे लग्न असे करत प्रत्येक घरातून सरासरी दोन-सव्वादोन माणसेच येतात, ती २४०. चौथ्या गटात ऑफिसातली आणि ओळखीची १६० नावे आहेत. त्यातली निम्मी येतील, काही जोडीने येतील, म्हणून १००. शेवटी भटजी, वाजंत्री, फोटोग्राफर, सजावटवाले, बसचे चालक अशी ३० माणसे. हा शेवटचा गट बहुतेक याद्यांत राहून जातो आणि दुपारी अडीच वाजता जेवणघराच्या दारात आठवतो.

कागदावर ९०० माणसे झाली आणि अपेक्षित ६२५. या बेरजेपेक्षाही उपयोगाची गोष्ट गटांमधून दिसते. पहिला, दुसरा आणि पाचवा गट मिळून २८५ माणसे जवळजवळ पक्की आहेत. अनिश्चितता सगळी तिसऱ्या आणि चौथ्या गटात आहे. लग्नाच्या आधी चार-पाच दिवस फोन करायचे असतील तर ते याच दोन गटांना करावेत. मावशीला आणि आत्याला पुन्हा विचारण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. त्या दिवशी तिथी दाट आहे का, कार्यालय गावाबाहेर आहे का, गाड्या लावायला जागा आहे का आणि संध्याकाळी वेगळा स्वागतसमारंभ ठेवला आहे का, यांवर हे दोन गट वर-खाली होतात. संध्याकाळचा समारंभ असेल तर ऑफिसची मंडळी दुपारी फिरकत नाहीत. हे सगळे धरून या लग्नाचा पल्ला ५७० ते ६९० असा निघतो.

केटररशी करार करताना या पल्ल्याची दोन्ही टोके कामाला येतात. करारात किमान ताटांचा आकडा असतो. तेवढी माणसे आली नाहीत तरी तेवढे पैसे द्यावे लागतात. तो खालच्या टोकाजवळ, म्हणजे ५७५ च्या आसपास ठेवावा. वरच्या टोकापर्यंतची तयारी, म्हणजे ६९० माणसांपर्यंत अन्न पुरवण्याची हमी, वेगळी लिहून घ्यावी. यजमान भीतीपोटी किमान आकडाच ७०० सांगतात आणि न आलेल्या पाऊणशे-शंभर माणसांचे पैसे भरतात. ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी आणि सगळ्यांत सहज टळणारी चूक आहे. ताटे मोजायची कशी हेही आधी ठरले पाहिजे. बुफेमध्ये थप्पीत किती ताटे लावली आणि किती उरली यावरून हिशेब होतो. पण एकच पाहुणा गोडासाठी दुसरे ताट उचलतो आणि त्याची दोन ताटे लागतात. गोडासाठी वेगळ्या वाट्या ठेवल्या तर हा वाद निघतच नाही. लहान मुले कोणत्या वयापर्यंत धरायची नाहीत, हेही एका ओळीत लिहिलेले बरे.

मग येते चव पाहण्याची वेळ. बहुतेक केटरर चार-पाच जणांना बोलावून छोट्या पातेल्यातले जेवण वाढतात. त्यावरून मसाल्याची जात आणि गोडाचे प्रमाण कळते. सहाशे माणसांचे जेवण कसे होईल ते कळत नाही. पाच जणांचा भात कुणालाही मोकळा जमतो, दहा किलो तांदळाच्या पातेल्यात तळ लागतो आणि वरचा थर कच्चा राहतो. म्हणून त्याच केटररचे दुसरे एखादे कार्य असेल त्या दिवशी, संबंधित यजमानांच्या परवानगीने, तिथे जाऊन चव पाहणे केव्हाही चांगले. जायचे तेही पहिल्या पंगतीला नव्हे, दुपारी अडीचच्या सुमाराला. पहिल्या पंगतीचे जेवण सगळ्यांचेच चांगले असते.

अडीच वाजता काय पाहायचे? मसालेभात उचलला की शीत सुटे पडते का गोळा होतो. पुरी गरम येते का टोपलीत घाम येऊन चामट झालेली येते. मठ्ठा पहिल्या पंगतीइतकाच दाट आहे का मधे पाणी वाढवले गेले. अळू खाल्ल्यावर घशाला खवखवते का. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात आणि चिंच किंवा आंबट चुका पुरेसा पडला नाही, भाजी पुरती शिजली नाही, तर ती खाज राहते. घरच्या वाटीभर भाजीत जे प्रमाण सहज साधते, ते मोठ्या पातेल्यात अंदाजाने टाकले की चुकते. चव पाहून झाल्यावर जे ठरले ते लिहून घ्यावे: तूप की वनस्पती, तळणीला कोणते तेल, मसालेभातात काजू आणि तोंडली किती, जिलबी मोजून वाढणार की मागेल तितकी.

पदार्थ ठरवताना चवीइतकाच विचार ऐनवेळच्या कामाचा करावा लागतो. पदार्थांचे दोन प्रकार असतात: आधी करून ठेवता येणारे आणि जेवणारा बसल्यावर करायचे. जिलबी, कोशिंबिरीची तयारी, तळलेले पापड-कुरडया, अळू हे पहिल्या प्रकारातले. पुरी आणि गरम भजी दुसऱ्या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारातले पदार्थ वाढले की कढया आणि हात अपुरे पडतात. पुरीचेच पाहावे. जेवणाच्या पहिल्या पाऊण तासात साधारण ४७० माणसे एकाच वेळी जेवत असतील आणि प्रत्येकी चार पुऱ्या धरल्या, तर जवळजवळ १,९०० पुऱ्या लागतात, म्हणजे मिनिटाला चाळीसच्या वर. मोठ्या कढईत एका घाण्याला दहा-बारा पुऱ्या सुटतात आणि घाणा निघायला पाऊण मिनिट जाते. म्हणजे एक कढई मिनिटाला पंधराच्या आसपास देते. तीन कढया त्यातच गेल्या. हाताने लाटणारी बाई मिनिटाला चार-पाच पुऱ्या लाटते, म्हणजे आठ-नऊ लाटणाऱ्या हव्यात. यादीत गरम भजी घातली की चौथी-पाचवी कढई, आणखी एक तळणारा आणि आणखी शेगड्या आल्या. म्हणून या लग्नात भजी नाहीत, त्यांच्या जागी सकाळीच तळून ठेवलेली कुरडई आहे. यादीतून एक पदार्थ कमी झाल्याचे पाहुण्याच्या ध्यानातही येत नाही. थंड पुरी मात्र प्रत्येकाच्या लक्षात राहते.

शिधा काढताना घरच्या जेवणाचे माप चालत नाही, कारण ताटात पदार्थ पुष्कळ असतात आणि प्रत्येकातले थोडेथोडेच खाल्ले जाते. साध्या भाताला माणशी ४० ग्रॅम तांदूळ पुरतात, मसालेभाताला ५०, वरणाला २५ ग्रॅम तूरडाळ, भाजीला ८० ग्रॅम बटाटा, गोडाला तीन जिलब्या म्हणजे सुमारे ८० ग्रॅम. ६२५ माणसांना हे साध्या भाताचे २५ किलो तांदूळ, मसालेभाताचे ३१ किलो, डाळ १६ किलो, बटाटे ५० किलो आणि जिलबी ५० किलो होते. पुऱ्यांना ४० किलोच्या आसपास कणीक लागते. ही मापे भाषा-जातीप्रमाणे नाही पण गावाप्रमाणे बदलतात: कष्टाची कामे करणारी मंडळी बहुसंख्य असतील तर भात आणि पुरी वाढवावी लागते, शहरी ऑफिसातले जास्त असतील तर भात उरतो आणि मठ्ठा संपतो. हा सगळा शिधा कोठीत उतरला की तो मोजून घेणारा आणि किल्ली स्वतःकडे ठेवणारा एक माणूस हवा.

आता मूळ प्रश्न: एवढी माणसे जेवणार कशी? कार्यालयाच्या जेवणघरात टेबल-खुर्चीवर एका वेळी २०० पाने मांडता येतात. एक पंगत चाळीस मिनिटे चालते आणि उष्टी काढून, टेबले पुसून पुन्हा पाने मांडायला पंधरा मिनिटे लागतात. पहिली पंगत १ वाजून ५ मिनिटांनी बसली तर दुसरी दोनला, तिसरी पाचकमी तीनला आणि चौथी पावणेचारच्या पुढे. चौथ्या पंगतीत नवरा-नवरी आणि घरची माणसे असतात. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेले नसते. केवळ पंगतीवर हे लग्न निभत नाही. केवळ बुफेवर निभते, पण मग वृद्ध नातेवाइकांना ताट हातात धरून उभे राहावे लागते आणि विहिणीची पंगत होत नाही. ती न झालेली अनेक घरांना चालत नाही.

म्हणून माणसे वाटून दिली जातात. कामाची ३० माणसे सव्वाअकरालाच जेवतात. ऑफिसची मंडळी, शेजारी आणि पुण्यातली बरीच घरे अशी २७० माणसे बाजूच्या हिरवळीवर बुफेला. पहिली पंगत २०० पानांची, त्यात सोलापूरची मंडळी आणि दोन्हीकडची वडीलधारी. दुसरी १२५ पानांची: वधूवर, विहिणी, व्याही, करवल्या आणि घरचे. बेरीज ६२५ झाली आणि दुसऱ्या पंगतीत ७५ पाने मोकळी राहिली. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. पुढे ती कामाला येते.

बुफेतली रांग सर्वांत संथ पदार्थाच्या वेगाने चालते. एका माणसामागे दुसरा साधारण पंधरा सेकंदांनी पुढे सरकतो, म्हणजे एका रांगेतून मिनिटाला चार माणसे सुटतात. २७० माणसांना एकच रांग ठेवली तर शेवटच्याला तासाहून जास्त उभे राहावे लागेल. दोन्ही बाजूंनी घेता येतील असे दोन काउंटर लावले की चार रांगा होतात आणि सगळी गर्दी सतरा-अठरा मिनिटांत आत जाते. त्यातही जिलबी आणि मठ्ठा मुख्य रांगेतून काढून वेगळ्या टेबलावर ठेवावा. गरम पुरीसाठी थांबलेला एक माणूस मागच्या वीस जणांना थांबवतो. पुरीवाला ताटे घेऊन बसलेल्यांमध्ये फिरता ठेवला की तो अडथळा जातो. रांगेच्या तोंडाशी ताटे आणि शेवटी चमचे-पाणी ठेवावे. चमचा आधी घेतला की एक हात गुंततो आणि प्रत्येक पदार्थापाशी दोन सेकंद वाढतात.

पंगतीत वाढप्यांची संख्या एकूण पानांवरून काढण्यापेक्षा ओळीवरून काढलेली बरी. सराईत वाढपी एका पानाला तीन-चार सेकंद घेतो. २०० पानांना एकट्याने भात वाढायचा तर दहा-बारा मिनिटे लागतात आणि पहिल्या पानावरचा भात निवतो तेव्हा शेवटचे पान रिकामेच असते. म्हणून पन्नास-पन्नास पानांच्या चार ओळी करतात आणि प्रत्येक ओळीला स्वतंत्र भातवाला, वरणवाला आणि पुरीवाला देतात. बारा माणसे इथेच झाली. तुपाला दोन, दोन्ही भाज्यांना मिळून चार, असे अठरा वाढपी होतात. वरण फिरून झाले की तीच माणसे मसालेभाताच्या आणि मठ्ठ्याच्या बादल्या उचलतात. डावी बाजू माणसे बसण्याआधीच वाढून ठेवलेली असते. पाणी देणारे आणि उष्टी काढणारे निराळे असावेत. उष्ट्याचे हात पुन्हा अन्नाला लागता कामा नयेत. या सगळ्यांवर एक मुकादम असतो. तो स्वतः काहीही वाढत नाही. पंगतीच्या टोकाला उभा राहून कोणत्या ओळीत काय पोचले नाही एवढेच पाहतो, आणि मुकादम स्वतः बादली घेऊन धावताना दिसला तर माणसे कमी पडली आहेत असे खुशाल समजावे.

घरच्यांच्या बाजूनेही एकच माणूस जेवणाचे निर्णय घेणारा हवा. वधूचे वडील कन्यादानात असतात आणि मामा अंतरपाटाशी, वधूच्या पाठीशी उभा असतो, तेव्हा हे दोघे नकोतच. एखादे काका, आत्याचे यजमान किंवा जुने शेजारी हे काम उत्तम करतात. केटररकडे त्यांचा एकच फोन नंबर असावा. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळे आदेश दिले की मुदपाकखाना थांबतो.

वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मोजत जाऊन लिहितात. पहाटे पाचला शेगड्या पेटतात. नाश्त्याला वेगळा आचारी आणि वेगळी शेगडी असते, नाहीतर उपमा-शिरा लांबला की जेवणही लांबते. एका कढईवर तासाला आठ-दहा किलो जिलबी निघते, तेव्हा ५० किलोला एक कढई सात वाजल्यापासून साडेबारापर्यंत गुंतते. दहाला डाळ आणि अळू, सव्वाअकराला कामाच्या माणसांचे जेवण. आचाऱ्याच्या दृष्टीने हे पहिले ३० ताटांचे जेवण म्हणजे खरी चाचणी. अळूत मीठ कमी पडले असेल तर ते इथे कळते आणि सुधारायला तास-दीड तास हातात असतो.

त्यानंतर मात्र घड्याळ बाजूला पडते. मुहूर्त ठरलेला असला तरी नवरदेव बोहल्यावर कधी येतो हे घड्याळ सांगत नाही, आणि भात फार लवकर शिजला तर गोळा होतो, उशिरा चढवला तर पंगत खोळंबते. म्हणून शहाणा आचारी स्वयंपाक मंडपातल्या विधींना जोडतो. नवरदेव बोहल्यावर आला की पहिल्या पंगतीचा भात चढतो. मोठ्या पातेल्यात त्याला अर्ध्या-पाऊण तासाची गरज असते. अंतरपाट धरला की तेल तापवायचे आणि लाटणे सुरू. अक्षता पडल्या की हिरवळीवरचा बुफे खुला. १ वाजून ५ मिनिटांनी पहिली पंगत. मंडपातून मुदपाकखान्यात ही खबर पोचवायला एक मुलगा उभा ठेवणे पुरते. दुसऱ्या पंगतीचा भात पहिली पंगत मठ्ठ्यावर आली की चढतो. तोवर माणसे खरोखर किती आली हे कळलेले असते आणि तांदूळ तेवढेच भिजवले जातात.

थोडाथोडा स्वयंपाक करण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात शिजल्यावरही टिकतो आणि कोमट भातात असे विष तयार करतो की भात पुन्हा गरम केला तरी ते नष्ट होत नाही. सकाळी नऊला एकदमच सगळा भात शिजवून झाकून ठेवणे म्हणूनच धोक्याचे. खवा, बासुंदी, श्रीखंड हे दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात शीतपेटीशिवाय ठेवता येत नाहीत. ती सोय नसेल तर मे महिन्यातल्या लग्नात पाकातला पदार्थ निवडावा. मठ्ठ्यात टाकायचा बर्फ खाण्याचा असल्याची खात्री करावी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार केटररला नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा चौदा आकडी क्रमांक करारावर लिहून घ्यावा. थर्माकोलच्या पत्रावळी आणि द्रोणांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे ऐनवेळी ताटे कमी पडली तर पानांच्या पत्रावळींची एक थप्पी राखून ठेवावी लागते.

संकटांची तयारी म्हणजे घडू शकणाऱ्या चार-पाच गोष्टींची उत्तरे आधी लिहून ठेवणे. माणसे जास्त आली तर? कोठीत ८ किलो तांदूळ, १० किलो उकडलेले बटाटे आणि थोडी कणीक कच्ची राखलेली असते. भात, वरण, भाजी आणि पुरी तासाभरात वाढवता येतात. जिलबी आणि अळू वाढवता येत नाहीत, म्हणून लक्ष त्यांच्यावर ठेवायचे. बुफेची निम्मी माणसे जेवली आणि तिथली जिलबी निम्म्याहून जास्त गेली, तर परातीशी वाढपी उभा करून दोन-दोन वाढायला सांगायचे. ती वेळ पहिल्या वीस मिनिटांत येते, नंतर कळून उपयोग नसतो. दुसऱ्या पंगतीची १० किलो जिलबी मात्र सकाळीच मोजून कोठीत कुलपात ठेवलेली असते. नवरीच्या ताटात गोड नाही, हा प्रसंग ज्या लग्नांत येतो तिथे अन्न कमी शिजलेले नसते. ते बाजूला काढून ठेवलेले नसते एवढेच.

वऱ्हाडाला उशीर झाला तर? सोलापूरची एक बस सीमंतपूजनासाठी आदल्या दिवशीच आलेली आहे, दुसरी पन्नास माणसे घेऊन पहाटे साडेपाचला निघाली. अंतर अडीचशे किलोमीटर, वेळ पाच तासांचा. नऊच्या सुमाराला ती भिगवणला असायला हवी. काकांनी तेव्हाच फोन करावा. बस तोवर टेंभुर्णीतच असेल तर ती मुहूर्ताला कशीबशी पोचेल आणि ती मंडळी हातपाय धुऊन पहिल्या पंगतीला बसू शकणार नाहीत. त्यांची पन्नास पाने दुसऱ्या पंगतीत जातात; १२५ आणि ५० मिळून १७५, जेवणघरात २०० मावतात. पहिल्या पंगतीतल्या रिकाम्या पन्नास जागांवर बुफेच्या रांगेतल्या ज्येष्ठांना बोलवायचे. पंचाहत्तर पानांची मोकळीक ठेवली होती ती याचसाठी. वीज गेली तर जनित्र मंडपाला जोडलेले असते पण मुदपाकखान्याला आणि पाण्याच्या पंपाला जोडलेले आहे का, हे आदल्या दिवशी बटण दाबून पाहावे. स्टीलची ताटे असतील तर धुण्याचे पाणी पिण्याच्या पाण्याहून जास्त लागते आणि टाकी दुसऱ्या पंगतीच्या सुमारास तळाला जाते. टँकरवाल्याशी आधी बोललेले असावे.

तीन वाजता दुसरी पंगत उठते. ताटांची मोजणी तिथल्या तिथे, केटरर आणि काका दोघांनी समोरासमोर करावी आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी आठवणीवर केलेला हिशेब जुळत नाही. उरलेल्या अन्नाचे तीन भाग होतात. कच्चा शिधा परत जातो. काउंटरवर उघडे राहिलेले आणि कोमट झालेले टाकून द्यावे लागते. पातेल्यात झाकून वाफाळते राहिलेले अन्न कुणाला द्यायचे असेल तर त्या संस्थेशी किंवा वस्तीशी आधीच बोलणे झालेले असावे, कारण ते तासा-दोन तासांत खाल्ले गेले पाहिजे. संध्याकाळी सातला माणूस शोधायला लागले तर ते देण्याजोगे राहत नाही. सोलापूरच्या बसला वाटेसाठी शिदोरी द्यायची रीत आहे. तिच्यात भात, वरण किंवा मठ्ठा घालू नये. पुऱ्या, त्यांच्यासाठी वेगळी परतलेली बटाट्याची कोरडी भाजी, चटणी आणि जिलबी एवढेच बांधावे, आणि भाजी त्याच रात्री संपवायला सांगावे.